जोडगोळी

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या, असा संपादकांचा दरवर्षीप्रमाणे यंदाही निरोप आला. पण गेल्या श्रावणापासून माझ्या डोक्यात एक गोळीच घोळते आहे, त्याला मी तरी काय करणार? वाचकांनी एका हाती चकली धरून हे वाचले तरी माझी हरकत नाही.

झाले असे की श्रावणातल्या एका रविवारी आईला कणकण आली आणि लघवीला जळजळ होऊ लागली. तिचे वय चौऱ्याहत्तर. डॉक्टरांचा दवाखाना बंद. कपाटात माझ्या दाढदुखीतून उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल होत्या. मी एम. ए. आहे, पण मराठीचा, हे ऐन वेळी माझ्या ध्यानात राहिले नाही. दिवसातून तीनदा एकेक कॅप्सूल मी तिला मोठ्या ऐटीत दिली. मंगळवारी रात्री तिला हुडहुडी भरली. ताप एकशे तीनवर गेला. हिने माझ्याकडे नुसते पाहिले. बोलली असती तर बरे वाटले असते.

बुधवारी डॉक्टरांनी माझी यथास्थित हजेरी घेतली, लघवीचा नमुना तपासणीला धाडला आणि इंजेक्शन सुरू केले. दोन दिवसांनी कागद हाती आला. जंतूचे नाव ई. कोलाय. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. ‘आर’ म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे देतो. अमॉक्सिसिलिनपुढे ‘आर’. पण तीन ओळी खाली पुन्हा अमॉक्सिसिलिन, या वेळी क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडसह, आणि पुढे ‘एस’! क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड एकट्याने या जंतूंचे फारसे काही बिघडवू शकत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मग ज्याला आपले आपण काही करता येत नाही, त्याने शेजारी नुसते उभे राहून अर्थ फिरवायचा, हा काय प्रकार? व्याकरणात असे उपसर्ग करतात. औषधातही करतात हे मला नवे होते.

तो कागद घेऊन मी स्टाफरूममध्ये जंतुरावांकडे गेलो. जंतुराव हे आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांचे आम्ही ठेवलेले नाव. त्यांनी कागद पाहिला, चहाची बशी बाजूला सारली आणि म्हणाले, “मास्तर, यात सगळी गोष्ट आहे एका पाण्याच्या थेंबाची. थेंबही मोठा झाला, पाण्याच्या एका रेणूची.”

पेनिसिलिन जंतूला मारते कसे, इथून त्यांनी सुरुवात केली. जंतूच्या पोटात बाहेरच्यापेक्षा दाब जास्त असतो. तो पेलायला त्याच्याभोवती भिंत असते. ही भिंत विटांची नव्हे, शिवलेली. साखरेच्या घटकांच्या लांब माळा, आणि त्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी जोडलेल्या. जंतू वाढू लागला की जुने टाके उसवून नवे घालावे लागतात. हे टाके घालणारा शिंपी म्हणजे एक विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. माळेला लोंबणाऱ्या शेपटीच्या टोकाशी अ‍ॅलनिनचे दोन मणी असतात. शिंप्याच्या अंगी सेरिन नावाचा एक आकडा असतो. त्या आकड्याने तो दोन मण्यांमधला सांधा पकडतो, शेवटचा मणी गळून पडतो आणि उरलेले टोक शेजारच्या माळेला शिवले जाते.

“पेनिसिलिन दिसते त्या दोन मण्यांसारखे,” जंतुराव म्हणाले. “शिंपी फसतो.”

पेनिसिलिनच्या मधोमध चार अणूंची एक चौकट आहे, तीन कार्बनचे आणि एक नायट्रोजनचा. या अणूंना एवढ्या अरुंद कोनात बसणे सोसत नाही. त्यामुळे ती चौकट ओढलेल्या धनुष्यासारखी सदा ताणलेली असते. शिंप्याचा आकडा लागताच ती उघडते, आणि पेनिसिलिन आकड्याला घट्ट चिकटून बसते. पाण्याचा एखादा रेणू तिथे पोचला तर हा सांधा सुटेल, पण शिंप्याच्या मुठीत पाण्याला नीट वाट नाही. तो सुटेपर्यंत तास उलटतात. इकडे उसवण चालूच असते. टाका पडत नाही, भिंत पातळ होते, आणि आतल्या दाबाने जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून हे औषध आपल्याला सहसा बाधत नाही. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांची गोष्ट अर्थात निराळी.

“आता तुमच्या मातोश्रींचा जंतू. त्याच्याकडे शिंप्याचाच एक चुलतभाऊ आहे.”

या चुलतभावाचे नाव बीटा-लॅक्टमेझ. त्या ताणलेल्या चौकटीला बीटा-लॅक्टम म्हणतात, आणि ती तोडणारा तो लॅक्टमेझ. आपल्याकडे लाकूडतोड्या, तसा हा लॅक्टमतोड्या. (हा शब्द माझा, जंतुरावांनी त्याबद्दल मला चहा पाजला.) त्याच्याही अंगी सेरिनचा तोच आकडा. तोही पेनिसिलिनला तसाच पकडतो, चौकट तशीच उघडते. फरक एवढाच की त्याच्या मुठीत पाण्याचा एक रेणू नेमक्या जागी तयार बसलेला असतो. चौकट उघडली रे उघडली की ते पाणी सांधा तोडते. मोडके पेनिसिलिन बाहेर पडते आणि आकडा पुन्हा मोकळा. शिंप्याला ज्याला तास लागतात ते हा बहाद्दर एका सेकंदात हजाराच्या घरात उरकतो. ई. कोलायमध्ये तो बाहेरचे आवरण आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, म्हणजे अगदी देवडीवर बसलेला असतो. औषध शिंप्यापर्यंत पोचायच्या आतच निकामी होते. आईला मी दिलेल्या कॅप्सूलचे हे असे झाले.

मला वाटले होते, ही आपल्या काळाची, औषधांच्या अतिरेकाची पैदास असावी. तर जंतुरावांनी सांगितले की ऑक्सफर्डच्या एब्रहॅम आणि चेन यांनी पेनिसिलिन मोडणारे हे विकर १९४० सालीच नोंदवले होते. तेव्हा पेनिसिलिनने माणसांवर उपचार सुरूही झाले नव्हते! बुरशी हे विष आपल्या आधी कितीतरी काळ बनवीत आली, तेव्हा त्यावरचा उताराही जुनाच असणार. आपण औषध वापरू लागल्यावर उतारा असलेल्यांची चलती झाली, इतकेच. लंडनच्या एका रुग्णालयात १९४८ सालापर्यंत पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला जुमानीनासे झाले होते.

यावर इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या वर्षांत जो शोध घेतला, तो मला फार आवडला. त्यांनी काचेच्या बशीत जंतूंचे खाद्य ओतले, त्यात थोडे पेनिसिलिन घातले आणि लॅक्टमतोड्या बाळगणारे जंतू सोडले. साहजिकच पेनिसिलिन असूनही बशीभर जंतूंची साय धरली. मग मातीतल्या निरनिराळ्या सूक्ष्मजीवांचे अर्क तिथे ठेवून पाहायचे. एखाद्या अर्काभोवती स्वच्छ गोल पडला, तर त्या अर्कात लॅक्टमतोड्याला आवरणारे काही असावे, कारण तिथले पेनिसिलिन पुन्हा कामाला लागले. मात्र तोच अर्क पेनिसिलिन नसलेल्या बशीत ठेवून ताडून पाहावे लागते, कारण अर्क स्वतःच जंतू मारीत असेल तरी गोल पडेलच. असा गोल पाडला स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरस या सूक्ष्मजीवाने, आणि त्यातून निघाले क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड. पहिल्या पावसाच्या मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो, तो बव्हंशी याच कुळाची करणी.

क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडमध्येही तीच ताणलेली चौकट आहे. लॅक्टमतोड्या नेहमीप्रमाणे आकडा टाकतो, चौकट उघडते. पण इथे तिला लागून असलेले दुसरे कडेही उघडते, आणि सगळा रेणू आतल्या आत असा काही वळतो की पाण्याला तो सांधा सहज तोडता येत नाही. आकडा अडकला तो अडकला. पहिल्याच झटक्यात साधते असेही नाही. ई. कोलायच्या नेहमीच्या लॅक्टमतोड्यापुढे शंभरावर रेणू मोडून पडतात, तेव्हा कुठे एक जण कायमचा जायबंदी होतो. दरम्यान अमॉक्सिसिलिन देवडी ओलांडून शिंप्यापर्यंत पोचते. औषध तेच, मात्राही तीच. ही जोडगोळी इंग्लंडात १९८१ साली बाजारात आली.

“मग हे सगळ्यांनाच का देत नाहीत?” मी विचारले.

“अहो, चोर दाराने येत असेल तर दाराला कुलूप. भिंत फोडून आला तर?” काही जंतू आपला शिंपीच बदलतात. त्याच्या हाती पेनिसिलिन नीट सापडतच नाही. तिथे लॅक्टमतोड्या नसतोच, मग क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड कुणाला पकडणार? काहींकडे लॅक्टमतोड्या इतके उदंड असतात की ते पुरे पडत नाही. आणि काहींच्या लॅक्टमतोड्याला सेरिनचा आकडाच नसतो, तो जस्ताच्या अणूंच्या आधाराने पाणी वापरतो. आकडा नाही तर अडकणार काय? यातल्या एकाला तर नवी दिल्लीचे नाव मिळाले आहे. तो २००८ साली स्वीडनमध्ये, दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या रुग्णाच्या जंतूत सापडला. म्हणून तो कागद पाहिल्यावाचून गोळी ठरवायची नाही. साध्या सर्दीत तर जंतू नसून विषाणू असतो, त्याला भिंतच नाही.

निघताना त्यांनी एक हिशेबही सांगितला. ६२५ ची गोळी म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड. ३७५ ची म्हणजे २५० आणि तेच १२५. तेव्हा ६२५ संपली म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होते, पण क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड दुप्पट, आणि पोट बिघडवण्यात त्याचाच हात मोठा. जेवणाच्या सुरुवातीला गोळी घेतली तर पोटाला सोसते. आणि गोळी आयत्या वेळी फोडायची, कारण क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडला ओल सोसत नाही. मुलांच्या औषधात पूड वेगळी देतात ती याचसाठी. पाणी घातल्यावर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि सात दिवसांनी टाकून द्यायची. तिथे विकर नसते, पण पाणी असते, आणि चौकट तर ताणलेलीच! मला आमच्या फ्रिजच्या दारातली धाकट्याची बाटली आठवली. ती मार्गशीर्षातली होती.

डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवून ६२५ च्या चौदा गोळ्या लिहून दिल्या, दिवसाला दोन. चौदावी आईने रात्री भाताच्या पहिल्या घासाबरोबर घेतली. मग रिकामी पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाली, “नीट मोजून घे रे. एखादी उरली असेल, तर पुढच्या वर्षी मलाच देशील.”