चाकणची गाडी कोणत्या खात्यात?

पुणे–सातारा महामार्गावर वेळूपासून शिवऱ्यापर्यंत आणि पुढे नसरापूर, शिरवळकडे जी मशीन शॉप आहेत, तिथं मालकाला ‘दर्जावर खर्च किती होतो?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ‘रिजेक्शन दोन टक्के. ते कुठंही असतंच. त्याहून खाली आणायचं तर परवडत नाही.’ या उत्तरात दोन दावे आहेत. रिजेक्शन म्हणजेच दर्जाचा खर्च, हा पहिला. दर्जा सुधारायचा तर जास्त पैसे ओतावे लागतात, हा दुसरा. दोन्ही चूक आहेत आणि पहिल्या चुकीतूनच दुसरी निघते. आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात दर्जाच्या खर्चाची प्रतिबंध, तपासणी आणि अपयश अशी विभागणी केली. पुढे अपयशाचेही दोन भाग झाले : माल फाटकाबाहेर जाण्याआधी सापडलेलं ते अंतर्गत, गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर सापडलेलं ते बाह्य. ही चार नावं पुस्तकी वाटतात. पण कारखान्याची खातेवही जे लपवते, ते उघड करण्याचं काम ती चोख करतात.

हिशेबापुरतं एक शॉप धरू. महिन्याला २०,००० बुश चाकणला जातात, भाव १२० रुपये नग, म्हणजे विक्री २४ लाख. एका नगाला फोर्जिंगचे ४५ आणि मशीनिंगचे ५५ रुपये लागतात. महिन्यात ४०० नग रिजेक्ट होतात, म्हणजे तेच दोन टक्के. मालक म्हणतो, फोर्जिंगचे ४५ गेले, भंगाराचे १० आले, नगामागे ३५ बुडाले, एकूण १४,०००. इथंच पहिली गफलत आहे. त्या नगावर मशीन चाललं, इन्सर्ट झिजला, वीज जळली, ऑपरेटरची पाळी खर्ची पडली. भंगाराची किंमत वजा जाता नगामागे ९० रुपये गेले, म्हणजे ३६,०००. तेही मशीनला उसंत असेल तर. तिन्ही पाळ्या भरलेल्या असतील, तर बुडालेल्या नगाच्या जागी विकाऊ नग निघाला असता, आणि मग तोटा विक्रीच्या भावानं धरावा लागतो.

आता बुशच्या बोअरकडे नीट पाहू. भोक ओव्हरसाईज झालं तर नग भंगारात, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही. अंडरसाईज राहिलं तर पुन्हा होनिंग करून वाचतो. हे ऑपरेटरला पक्कं ठाऊक असतं. म्हणून रिजेक्शनच्या बोलण्यांना घाबरून तो ऑफसेट खालच्या बाजूला ठेवतो आणि हजारभर नग दुसऱ्यांदा मशीनवर चढतात. नगामागे ८ रुपये धरले तर ८,००० रुपये. पण रिवर्कचं स्वतंत्र खातं नसतं. तो खर्च रोजच्या मजुरीत विरघळून जातो. म्हणजे रिजेक्शनवर धाक बसवला की रिजेक्शनचा आकडा सुधारतो आणि दोष शेजारच्या, न मोजलेल्या घरात जाऊन बसतो.

यावर शॉपचा इलाज ठरलेला : दोन पाळ्यांत एकेक तपासनीस बसवा, प्रत्येक नगात प्लग गेज घाला. पगार ३६,००० आणि गेज कॅलिब्रेशनचे ४,०००. हाच ‘दर्जाचा बंदोबस्त’ म्हणून अभिमानानं दाखवला जातो. पण गेज लावल्यानं भोक लहान होत नाही, मोठं झाल्याचं कळतं, तेही दर वेळी नाही. हजारो सारखे नग हाताळणारा माणूस साधारण ८० टक्के दोष पकडतो असं धरण्याची रीत आहे. महिन्यात ३०० बोअर ओव्हरसाईज निघाले तर २४० सापडतील आणि ६० गाडीत चढतील.

ते ६० नग पुणे ओलांडून गिऱ्हाइकाच्या लाइनवर पोचले की काय होतं? तीन हजारांचा अख्खा लॉट अडकतो. चार माणसं तीन दिवस सॉर्टिंगला बसतात, रोजी १,५०० प्रमाणे १८,०००. बदली माल घेऊन खास गाडी जाते, ६,०००. साठ नग पुन्हा बनवायचे, आणखी ६,०००. लाइन थांबल्याची डेबिट नोट ३०,००० ची धरू. एकूण ६०,०००, आणि त्यातला एक रुपयाही ‘दर्जा’ या शब्दाखाली नोंदलेला नसतो : गाडी वाहतुकीत, सॉर्टिंग किरकोळ खर्चात, डेबिट नोट विक्रीतून वजा. प्रतिबंधावर, म्हणजे प्रशिक्षणावर वगैरे, ६,०००. बेरीज दीड लाख, विक्रीच्या सव्वासहा टक्के. मालकाच्या डोक्यात मात्र १४,०००.

आता आक्षेप. पहिला अर्थशास्त्राचा आहे आणि वजनदार आहे : दोष शून्याकडे नेताना प्रतिबंधाचा खर्च बेसुमार वाढतो, तेव्हा काही दोष सोसणंच किफायतशीर. असा वक्र जोसेफ जुरान यांच्या हँडबुकमध्येच होता. पण त्याच हँडबुकच्या नंतरच्या आवृत्त्यांत तो बदलला आणि नीचांक शंभर टक्के निर्दोषतेपाशी येऊ शकतो, हे मान्य केलं गेलं. आपल्या बुशचंच पाहा. बोअर कमीजास्त होण्याचं कारण झिजलेला इन्सर्ट असेल, तर तो ‘अजून चालेल’ म्हणत ताणण्याऐवजी ठरावीक नगांनंतर बदलायचा. त्यासाठी महिन्याला ९,००० जादा गेले असं धरलं, तरी ते सॉर्टिंगच्या निम्म्याइतकेच आहेत. बोअर स्थिर राहतो हे दिसलं की भीतीनं खाली ठेवलेला ऑफसेटही मधोमध आणता येतो आणि रिवर्क आपोआप घटतो. वक्राचं ते चढं टोक कदाचित कुठंतरी असेल. दोन टक्के रिजेक्शनवाला त्याच्या आसपासही नाही.

दुसरा आक्षेप वर्गीकरणावर : पहिल्या नगाची मंजुरी प्रतिबंध की तपासणी? वाद खरा आहे, पण निष्फळ. कुठल्याही घरात टाका, फक्त दर महिन्याला त्याच घरात टाका. एक कसोटी मात्र उपयोगी पडते : दोष होणंच थांबलं तर हा खर्च उरेल का? रिवर्कनंतरची फेरतपासणी उरणार नाही, म्हणून ती तपासणी नव्हे, अंतर्गत अपयश. या कसोटीवर आपल्या दोन तपासनिसांपैकी एकाचा पगार तरी अपयशातच जाईल.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे : बाह्य अपयशाचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे न मिळालेली पुढची ऑर्डर, कुठल्याच तक्त्यात येत नाही. पण यानं मोजणी फोल ठरत नाही. दीड लाख हा किमान आकडा ठरतो. वाहन उद्योगाच्या ‘आयएटीएफ १६९४९’ या मानकानुसार अंतर्गत आणि बाह्य दोषांचा खर्च व्यवस्थापनाच्या आढाव्यात मांडावाच लागतो. प्रमाणपत्रासाठी मांडलेला तो आकडा अनेकदा भंगाराच्या पावतीपुरताच असतो. शिवाय तो पाळीवर दंड लावायला वापरला, तर पुढच्या महिन्यात खरा आकडा मिळणार नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बेरीज वाढेल, हेही आधीच सांगून ठेवलेलं बरं : इन्सर्टचे पैसे आज जातात, डेबिट नोटा नंतर थांबतात.

सुरुवातीला नवं सॉफ्टवेअर नको, सल्लागारही नको. या महिनाअखेरीला हिशेबनिसाला वाहतुकीच्या खात्यातली चाकणला गेलेल्या खास गाड्यांची व्हाउचरं वेगळी काढायला सांगा, आणि त्यांची बेरीज इन्सर्टच्या बिलाशेजारी ठेवून पाहा.