नोकरी शाबूत आहे तोवरच हा हिशेब करून ठेवू या

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरिष्ठ पदांवरचे लोक होते. घराचा हप्ता चालू आणि मुलं शाळेत, असं याच वयात असतं. अनुभव जास्त म्हणजे नोकरी पक्की, हा आपला समज आता सोडायला हवा.

बचतीपासून सुरुवात करू. पुण्यातलं चौघांचं एक घर धरा. पगार ६० हजार, खर्च ५२ हजार, शिल्लक ८ हजार. पगार थांबला तर हॉटेल, कपडे, फिरणं बंद होईल. पण भाडं १५ हजार, किराणा १० हजार, कर्जाचा हप्ता ११ हजार, शाळेची फी ६ हजार आणि वीज-गॅस-औषधं ४ हजार, हे चुकत नाही. झाले ४६ हजार. सहा महिन्यांचे पावणेतीन लाख होतात. महिना ८ हजारांनी ते जमायला जवळपास तीन वर्षं लागतील.

आता तेच कर्ज संपलं असं समजा. गरज महिना ३५ हजारांवर, म्हणजे सहा महिन्यांची २ लाख १० हजारांवर येते आणि शिल्लक १९ हजार होते. रक्कम वर्षभरात जमते. म्हणून एक-दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा आणि आधी छोटं कर्ज फेडून टाकावं. आपल्याकडे पुष्कळ घरांची बचत भिशीत असते. पण भिशीचा नंबर आपल्या अडचणीच्या महिन्यातच लागेल असं नाही, शिवाय पगार गेला तरी हप्ता भरावाच लागतो. हा पैसा बँकेतच बरा.

दुसरी गोष्ट ओळखींची. कपातीच्या दिवशी ऑफिसचा ईमेल बऱ्याचदा लगेच बंद होतो आणि त्यातले सगळे पत्ते जातात. जुन्या सहकाऱ्यांचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये आजच घ्या. पीएफ खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, तेही बघा. दोन-तीन महिन्यांनी एखादा फोन करत राहा, काही काम नसतानाच. गरज पडल्यावर केलेला पहिला फोन दोघांनाही जड जातो.

तिसरी, कौशल्याची. दर तीन महिन्यांनी आपल्या पदाच्या पाच जाहिराती वाचा. तिघांनी मागितलेली आणि आपल्याला न येणारी एक गोष्ट निवडा, तेवढीच शिका. सर्टिफिकेटांचा ढीग नको. शिकलेलं रोजच्या कामात वापरा, कारण मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतो.

कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. घरात कुणाला शुगर किंवा बीपी असेल तर स्वतःची पॉलिसी नोकरी चालू असतानाच घ्यावी, कारण जुन्या आजारांसाठी नवी पॉलिसी काही काळ थांबायला लावते.