डान्स बार: एक किलोमीटरची अट कोर्टात का टिकली नाही?

2016 च्या कायद्याखाली महाराष्ट्र सरकारने अट घातली: शाळा किंवा धार्मिक स्थळापासून एक किलोमीटरच्या आत डान्स बार नको. मालाडच्या नकाशावर अशी जागा शोधून पाहा. सापडेल?

घटनेचं कलम 19(6) व्यवसायावर 'वाजवी निर्बंध' घालू देतं. वाजवी म्हणजे किती, हे प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर ठरतं: हेतू योग्य आहे का, उपाय त्याला लागू पडतो का, कमी जाचक मार्ग होता का?

17 जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने ही अट रद्द केली. मुंबईत ती पाळणं अशक्य, म्हणजे छुपी बंदीच. सीसीटीव्हीची सक्तीही प्रायव्हसीच्या मुद्द्यावर गेली.

मात्र संध्याकाळी 6 ते रात्री 11.30 ही वेळ आणि नोटा उधळण्यावरची मनाई टिकली. फरक इथेच आहे: या अटींनी धंद्याला शिस्त लागते, तो बंद पडत नाही.