एकच उत्तर, चार शिक्षक, तीन वेगळे गुण

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली 'स्वमत' विचारतात. त्याचे तयार उत्तर पुस्तकात नसते, म्हणून गुण बरेचसे तपासणाऱ्याच्या हातात राहतात. तिथे आपल्या मुलांवर अन्याय होतो, असे आपण नेहमी म्हणतो. आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत आधी स्वतःलाच तपासून पाहिले.

सराव परीक्षेत गाव न सोडणाऱ्या आजीचा उतारा होता. प्रश्न होता, 'आजीने शहरात जायला नकार का दिला असेल? उताऱ्याच्या आधारे लिहा.' गुण ३. एका मुलीने लिहिले, 'आजीले घर सोडू वाटत नसन. इहिरीवर चार बाया तिच्यासंग बोलतात. शहरात तिले कोन इचारन?' चार शिक्षकांनी हेच उत्तर वेगवेगळे बसून तपासले. गुण पडले ३, १, २ आणि १. दुसऱ्या मुलाने उताऱ्यातली दोन वाक्ये सुंदर अक्षरात जशीच्या तशी उतरवली होती. त्याला २, ३, २, ३.

आम्ही सगळे आकडे फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकाला कारण विचारले. सर्वांत तरुण शिक्षिकेला आधी बोलू दिले, कारण ज्येष्ठ सर आधी बोलले की बाकीचे त्यांच्या आकड्याकडे सरकतात. एकाने शुद्धलेखनाचा गुण कापला होता, एकाला उत्तर छोटे वाटले होते, तर एकाने फक्त आशय पाहिला होता. म्हणजे चौघे एकच उत्तर तपासत होते, पण चार वेगळ्या गोष्टी मोजत होते.

मग ठरले की हा प्रश्न आकलनाचा आहे. कारण सांगितले तर १ गुण, उताऱ्यातला आधार दिला तर १ आणि आधाराचा कारणाशी संबंध जोडला तर १. शुद्धलेखन व्याकरणाच्या प्रश्नात मोजायचे, इथे नाही. या मापाने मुलीला ३ मिळाले. उतरवून काढणाऱ्याला फक्त आधाराचा १.

नियम ठरला म्हणजे काम संपले, असे नाही. आम्ही सहा नवी उत्तरे घेतली आणि पुन्हा न बोलता तपासली. आता फरक एका गुणापुढे गेला नाही. एक सर मात्र सहाही उत्तरांना इतरांपेक्षा एक गुण कमी देत होते. हा दोष सोपा आहे, कारण तो एकाच दिशेचा आहे आणि दाखवला की सुधारतो. जो शिक्षक कधी वर, कधी खाली जातो, त्याला नियमच कळलेला नसतो. त्याच्यासोबत पुन्हा उत्तरे घेऊन बसावे लागते. शिवाय थकवा आला की हात बदलतो. म्हणून दर वीस पेपरांमागे आधी गुण ठरलेले एक उत्तर गुपचूप मिसळायचे. त्याचे गुण हलले, तर शेवटचे वीस पेपर पुन्हा तपासायचे.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. चौघांनीही बोलीभाषेसाठी गुण कापले असते, तर चौघांचे आकडे छान जुळले असते आणि अन्यायही चौघांनी मिळून केला असता. आकडे जुळणे पुरेसे नाही. कशावर जुळले, हे पाहावे लागते.

पेपरवरचे नाव आणि आडनावही झाकायचे. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपण वाचलाच पाहिजे. भारतातल्या एका शहरात त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी नेमून दिली आणि शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. खालची मानलेली जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. हा भेदभाव तपासणीच्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त दिसला, म्हणजे माप हाताशी बसलेले नसताना. आणि आपल्याला बोचणारी गोष्ट अशी की, कमी गुण देणाऱ्यांत मुख्यतः त्याच जातींतले शिक्षक होते.

म्हणून 'आपला माणूस तपासायला बसवा' ही मागणी अपुरी आहे. आपल्या माणसाच्या हातातही माप द्यावे लागते. शाळेत जाऊन विचारायचे असेल तर हे विचारू या: स्वमताचे गुण कशाकशाला आहेत, ते तपासणीआधी लिहून ठेवले होते का? सर्व शिक्षकांनी तीच चार-पाच उत्तरे आधी एकत्र बसून तपासली होती का? उत्तर 'नाही' असेल, तर त्या गुणांवर आक्षेप घ्यायला आपल्याकडे ठोस कारण आहे.