स्ट्रिप मागवण्याआधी मशीन उलटी करा, मग फोटो काढा

नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव आणि आसपासच्या सर्व गावांतील मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना आणि नागपूर-पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलांना कळकळीची विनंती.

घरची शुगर मशीन बंद नसते, स्ट्रिपा संपलेल्या असतात. मग समोरून एक फोटो काढून मुलाला पाठवला जातो आणि त्यावरून तो नागपुरातून डबी घेतो. इथेच घात होतो. समोरून मशिनी सारख्याच दिसतात. खरी ओळख मागच्या लेबलवर असते.

उदाहरण घ्या. फोटोत ‘वनटच’ आणि ‘सिम्पल’ एवढेच वाचता येते. पण ‘वनटच सिलेक्ट सिम्पल’ला ‘सिलेक्ट’ स्ट्रिप लागते, तर ‘वनटच सिलेक्ट प्लस सिम्पल’ला ‘सिलेक्ट प्लस’. या स्ट्रिपा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. ‘कॉन्टूर टीएस’ आणि ‘कॉन्टूर प्लस’चेही तेच. कंपनी एकच म्हणून स्ट्रिप एकच, असे कृपया समजू नका. चुकीच्या स्ट्रिपवर मशीनने एरर दाखवली तर फक्त पैसे गेले. आकडा दाखवला तर धोका मोठा, कारण त्या आकड्यावर कुणी इन्सुलिनचा डोस ठरवू शकतो.

म्हणून तीन फोटो पाठवा: मशीन समोरून, मशीन मागून आणि जुन्या स्ट्रिपची डबी. डबीचा फोटो सर्वात मोलाचा, तेव्हा ती रिकामी झाली तरी फेकू नका. मागचे लेबल उजेडात, फ्लॅश न लावता काढा. फ्लॅशच्या चकाकीत मॉडेलचे नावच पुसले जाते. कोड लागणारी जुनी मशीन असेल तर नव्या डबीवरचा कोड आणि स्क्रीनवरचा कोड जुळल्याशिवाय तपासणी करू नका.

बीपी मशीनच्या पट्ट्यासाठी मात्र फोटो पुरत नाही, दंड मोजावा लागतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याच्या टेपने घेर मोजा आणि तो आकडा फोटोसोबत लिहून पाठवा. 22 ते 32 सेंटीमीटरला नेहमीचा पट्टा बहुधा चालतो. त्याहून जाड दंडाला मोठा लागतो. लहान पट्टा बीपी खोटे वाढवून दाखवतो. अमेरिकेत 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना अतिमोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा लावल्यावर वरचा आकडा सरासरी 19 ते 20 ने जास्त आला. पट्टा त्याच कंपनीचा, त्या मॉडेलला चालतो असे लिहिलेलाच घ्या. नळीचे टोक मशीनमध्ये बसले म्हणजे पट्टा जुळला असे नाही.

औषध दुकानदार बंधूंनो, लेबल वाचता येत नसेल तर अंदाजाने डबी देऊ नका, दुसरा फोटो मागवा.

आणि मधुमेहाच्या रुग्णाला साखर उतरून दरदरून घाम, थरथर किंवा गुंगी येत असेल तर स्ट्रिपची वाट पाहू नका. शुद्धीत असेल तर साखरेचे पाणी द्या, नसेल तर तोंडात काहीही घालू नका आणि लगेच 108 ला फोन करा.