व्हिडिओच्या मध्ये जाहिरात टाकायची, तर कुठे आणि कशी?

माझा रोह्याचा एक मित्र पेणच्या गणपती कारखान्यांवर व्हिडिओ बनवतो. यंदा त्याला पहिला स्पॉन्सर मिळाला, ऑनलाइन मूर्ती बुकिंगचं एक अ‍ॅप. १२ मिनिटांचा व्हिडिओ आणि मध्ये ५० सेकंदांची जाहिरात, असं ठरलं. एडिट करून त्याने मला लिंक पाठवली. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे तपासायचं काम माझ्याकडे.

पहिल्या कटमध्ये जाहिरात बरोबर डोळ्यांच्या आखणीच्या आधी होती. कारागीर ब्रश उचलतो आणि लगेच अ‍ॅप सुरू! मित्राचा हिशोब असा, की आखणी बघायला लोक थांबणारच, मग जाहिरातही बघतील. पण पेणच्या मूर्तीचा व्हिडिओ बघणारा आखणीसाठीच आलेला असतो. त्याला तिथे अडवलं तर तो दोनदा टॅप करून पुढे जातो, आणि ‘याने आपल्याला अडकवलं’ हे लक्षात ठेवतो.

आम्ही जाहिरात ४ मिनिटं १० सेकंदांवर आणली. तिथे शाडूची मूर्ती साच्यातून निघून वाळायला ठेवलेली असते. एक टप्पा संपलाय, रंगकाम अजून सुरू व्हायचंय. बघणाऱ्यालाही तिथे श्वास घ्यायला जागा असते.

खरी अडचण पुढे होती. यूट्यूबवर व्हिडिओ टाकताना पेड प्रमोशनचा पर्याय टिक केला की ‘Includes paid promotion’ अशी पाटी दिसते. मित्राला वाटलं, झालं काम. पण ही पाटी व्हिडिओच्या सुरुवातीला फक्त १० सेकंद दिसते. आपली जाहिरात येते चार मिनिटांनी! तोपर्यंत पाटी कोणाच्या लक्षात राहणार?

जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था आस्की, तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. त्यानुसार दोन मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत, ब्रँडबद्दल बोलणं चालू असेल तो पूर्ण भाग लेबल स्क्रीनवर हवं. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचना सांगतात, की खुलासा फक्त डिस्क्रिप्शनमध्ये टाकून भागत नाही. तो व्हिडिओत दिसला पाहिजे, ऐकूही आला पाहिजे, आणि जाहिरातीच्याच भाषेत हवा. म्हणून आम्ही पूर्ण ५० सेकंद कोपऱ्यात ‘जाहिरात’ असं मराठीत ठेवलं, आणि मित्राने पहिलंच वाक्य बदललं: ‘या अ‍ॅपने मला या भागासाठी पैसे दिलेत.’

तरी एक गोष्ट मला खटकत होती. जाहिरातीच्या मागे त्याच कारागिराचे हात दिसत होते. विषय मूर्तीचा, स्पॉन्सरही मूर्तीचाच. बघणाऱ्याला वाटणार, हे काका या अ‍ॅपवर मूर्ती विकतात. त्यांना तर अ‍ॅपचं नावही माहीत नव्हतं! स्पॉन्सर विषयाच्या जितका जवळचा, तितकी ही गल्लत सोपी. आम्ही ते शॉट काढले. मित्र घरी, साध्या भिंतीसमोर बसून बोलला.

स्क्रिप्टमध्ये ‘मूर्ती न तुटता घरपोच’ असंही होतं. मित्राने एकही मूर्ती मागवली नव्हती, म्हणून ते वाक्य गेलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, ती करणाऱ्या चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याआधीचा प्रश्न साधा आहे: चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुणाच्या घरी तुटलेली मूर्ती आली, तर तो फोन कोणाला करेल? अ‍ॅपला नाही, रोह्यातल्या ओळखीच्या पोराला.

शेवटी डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर टाकले:

```
00:00 शाडू आणि साचा
04:10 जाहिरात
05:00 रंगकाम
08:30 डोळ्यांची आखणी
```

यादी `00:00` पासून सुरू हवी, किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक चॅप्टर निदान १० सेकंदांचा हवा. ‘मग लोक जाहिरात सोडतील की!’ मित्र म्हणाला. सोडतील, पण व्हिडिओ सोडणार नाहीत.

हे तपासताही येतं. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती टिकले याचा आलेख असतो. जाहिरातीपाशी रेष खाली जाऊन ५ मिनिटांच्या आसपास परत वर आली, तर लोकांनी फक्त जाहिरात ओलांडली. रेष पडली आणि खालीच राहिली, तर ते निघून गेले. मात्र आलेखाची एक मर्यादा आहे: जे राहिले त्यांनी मित्राच्या शब्दावर किती विश्वास ठेवला, हे त्यात दिसत नाही. ते पुढच्या व्हिडिओच्या वेळी कळतं.

तुम्ही बनवणारे नसाल, नुसते बघणारे असाल, तरी एक करून बघा. पुढच्या वेळी मध्ये जाहिरात आली की कोपऱ्यात लेबल आहे का, आणि ते शेवटपर्यंत टिकतं का, एवढं पाहा.