वाढप्यांची पंगत

गणेशोत्सव पार पडला की आपण व्यासपीठावरून कार्यकर्त्यांचे आभार मानतो, टाळ्या वाजतात आणि पुढच्या वर्षी तीच नावे त्याच कामांपुढे पुन्हा लिहिली जातात. ते आभार खरेच असतात आणि मीही इथे ते मनापासून मानतो. पण ठरलेली मुदत संपली की हातातले काम दुसऱ्याकडे जाईल, अशी सोय आभारांबरोबर हवी. आणि ती कुणी वैतागून निघून जाण्याआधी हवी.

'बर्नआउट' म्हटले की आपल्याला कंपन्यांतली नोकरी आठवते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर मोफत दवाखान्यांतली माणसे होती. न्यूयॉर्कच्या अशाच एका दवाखान्यात ते स्वतः दिवसभराचे काम आटोपून विनामोबदला राबत. सर्वांत झोकून देणारा माणूसच आधी कोलमडतो, हे त्यांनी तिथे पाहिले. त्यांनी सुचवलेला एक उपाय साधा होता: एकाच माणसाला त्याच कामावर पुन्हा पुन्हा पाठवू नका. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी थकव्याच्या जोडीला आणखी दोन लक्षणे मांडली: ज्यांच्यासाठी राबायचे त्यांच्याविषयीच कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. थकवा सुट्टीने थोडाफार जातो. कोरडेपणा ओळखणे मात्र अवघड, कारण त्यावर विनोदाचे पांघरूण असते. 'लोकांना काय, फक्त खायला यायचं' हे वाक्य एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या तोंडी वारंवार येऊ लागले, तर तो विनोद समजू नये.

महाप्रसादाचेच पाहा. समजा चारशे पाने आहेत. नोंदणी शेवटच्या दिवसापर्यंत वाढत राहते, पण केटररला आकडा आधी द्यावा लागतो. तो अंदाज बांधायचा, उपवासाचे, जैन आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांचे वेगळे सांगायचे, शाळेच्या स्वयंपाकघराची परवानगी काढायची. गरम पदार्थ वाढेपर्यंत १३५ अंश फॅरनहाइटच्या वर राहायला हवेत, म्हणून आरती लांबली की वरण-भाताची काळजी एकाच माणसाला. शेवटी उरलेले वाटून, कचरा उचलून, हॉलची किल्ली परत करायची. यातले प्रत्येक काम एकेकटे सोपे आहे. भार पडतो तो हे सगळे एकाच डोक्यात साठवल्यामुळे. मदतीला आलेला 'मी काय करू?' विचारतो आणि समजावण्यापेक्षा स्वतः करणे लवकर होते. काम असे दरवर्षी त्याच माणसाला जास्त चिकटत जाते.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक प्रमुख कामाला दोन वर्षांची मुदत असावी: पहिल्या वर्षी उपप्रमुख, दुसऱ्या वर्षी प्रमुख, आणि त्यानंतर किमान एक वर्ष त्या कामापासून पूर्ण सुट्टी. केटररचे दर, गेल्या वर्षी किती आले आणि किती उरले, परवानगीचा अर्ज, हे सारे मंडळाच्या सामायिक खात्यात राहावे, कुणाच्या खासगी फोनमध्ये नव्हे. मुदत सगळ्यांनाच सारखी असली की 'मला काढले' असे कुणाला वाटणार नाही. आणि थांबायचे असलेल्याला कारणही द्यावे लागणार नाही. आपल्याकडे नाही म्हणण्याचा संकोच मोठा.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा येईल. नवा माणूस अंदाज चुकवेल, पुऱ्या कमी पडतील. पडतीलही. पण अनुभवी माणूस अचानक गेला तर होणारी फजिती याहून मोठी असते, कारण तेव्हा विचारायलाही कुणी नसते. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर खेपेला वेगवेगळ्या शहरांतली मंडळे उचलतात. आपल्या महाप्रसादापेक्षा ते कितीतरी मोठे, तरीही हात बदलून चालते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुढे येतेच कोण? इथे मला वाटते, लोक कामाला कमी आणि कामाच्या अनंतपणाला जास्त घाबरतात. एकदा हो म्हटले की दहा वर्षे सुटका नाही, हे ते पाहत असतात. 'यंदा फक्त नोंदणीचा तक्ता सांभाळा, पुढच्या वर्षी प्रमुख व्हा, मग मोकळे' असे विचारले तर उत्तर वेगळे येऊ शकते. तरीही कुणी मिळालेच नाही, तर त्या वर्षी जेवणाऐवजी पेढे आणि चहा ठेवावा. एखाद्याला पिळून घेतलेल्या पंगतीपेक्षा ते बरे.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मराठी शाळेतल्या मुलांना दरवर्षी नव्या बाई देणे चुकीचे ठरेल, आणि काहींना आपले काम खरोखरच आवडते. म्हणून शाळेत शिकवणारी माणसे तीच राहू द्यावीत. वर्ग लावणे, फी गोळा करणे, पालकांना निरोप धाडणे तेवढे फिरवावे. कोषाध्यक्षाचे पद मात्र आवडीवर सोडू नये. तिथे पाळी बदलली की हिशेब आपोआप दुसऱ्या डोळ्यांखालून जातात. येत्या वार्षिक सभेत महाप्रसाद, हॉल आणि नोंदणी या तीनच कामांसाठी उपप्रमुख निवडण्याचा ठराव मी मांडणार आहे. सध्याच्या प्रमुखांनी त्या तीन पदांसाठी अर्ज करू नये, एवढीच त्यात अट असेल.